बायकार्बोनेटचं 'पुनःशोषण' आणि अमोनिया 'बफर' : मराठीत काय म्हणायचं?

पाटीपेन्सिल: नर्सिंगच्या मुलींसाठी मूत्रपिंडाच्या नोट्स मराठीत करतेय, दोन शब्दांवर गाडी अडलीये. एक म्हणजे बायकार्बोनेटचं 'पुनःशोषण', आणि दुसरा, लघवीतल्या अमोनियाला 'बफर' म्हणतात तो. हिंदीत उभय प्रतिरोधी म्हणतात, ते वाचून मुली पळूनच जातील. सुचवा ना काहीतरी.

खोडरबर: पुनःशोषणात काय वाईट आहे? बायकार्बोनेट गाळून खाली गेलं, नलिकेनं ते उचलून परत रक्तात टाकलं. परत शोषलं म्हणून पुनःशोषण, संपला विषय. बफरला बफरच ठेवा, रेल्वेच्या डब्याला असतो तो आपल्याला कळतोच की.

कुलकर्णी_सर: बत्तीस वर्षं फिजिऑलॉजी शिकवली म्हणून बोलतो, रागावू नका. दिवसाला साधारण १८० लिटर गाळलं जातं, दर लिटरला २४ मिलिमोल, म्हणजे ४३०० च्या आसपास बायकार्बोनेट रोज नळीत उतरतं आणि निरोगी माणसात जवळजवळ सगळं परत येतं, त्यातलं ८० टक्क्यांच्या पुढे तर पहिल्याच वेटोळ्या नलिकेत. इथवर तुमचं बरोबर. पण त्या जागी उचलत कोणीच नाही हो! पेशी नळीत हायड्रोजन आयन सोडते, तो बायकार्बोनेटला भेटला की त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, हा वायू पेशीत सहज शिरतो आणि आत उलटा प्रवास होऊन नवंच बायकार्बोनेट तयार होतं, ते रक्तात जातं. हायड्रोजन आयन पुन्हा नळीत, पुन्हा तोच खेळ. खाली गेलेला आणि वर आलेला आयन एकच नव्हे. फाटकी नोट बँकेत देऊन कोरी घेतली तसं. खात्यातली शिल्लक तेवढीच राहिली, आणि आम्लही बाहेर गेलं नाही.

खोडरबर: अरे बापरे. म्हणजे शब्दच खोटा आहे?

कुलकर्णी_सर: हिशेबापुरता खरा, घडतं त्याच्यापुरता खोटा. मी वर्गात 'परत मिळवणं' म्हणायचो.

सह्याद्रीचा_भटक्या: हे वाचून आत्ता उलगडलं! लेहला जाताना डॉक्टरांनी उंचीच्या त्रासासाठी अ‍ॅसिटाझोलामाइड दिलं होतं, दोन दिवस सारखं लघवीला आणि बोटांना मुंग्या. याच्याशी काही संबंध?

कुलकर्णी_सर: थेट. पाणी आणि वायू करणारं एन्झाइम ते औषध बंद पाडतं, मग बायकार्बोनेट लघवीतून वाया जातं, रक्त थोडं आम्लाकडे झुकतं, आणि त्या झुकण्यानं श्वास वाढतो. उंचीवर तेच हवं असतं.

मावशी_नाशिक: मला वाटलं अमोनियाच्या वासाची चर्चा चाललीये. आमच्या सार्वजनिक बाथरूममध्ये उभं राहवत नाही, किडनीतून एवढा अमोनिया बाहेर पडतो का सगळ्यांच्या?

रात्रपाळी: मावशी, तो वास वेगळा. लघवी साचून राहिली की जंतू युरियाचे तुकडे करतात आणि अमोनिया सुटतो. ताज्या लघवीतला बहुतेक अमोनियम रूपात, म्हणजे हायड्रोजन आयन चिकटलेला असतो, त्याला वास नसतो.

अंजली_ठाणे: माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण इथेच विचारते. आईची किडनी बरीच वर्षं कमजोर आहे, आता तिला सोडा बायकार्बच्या गोळ्या सुरू केल्यात. ४३०० वगैरे परत मिळतंच म्हणताय, मग गोळ्या कशाला?

कुलकर्णी_सर: अंजलीताई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. परत मिळवणं म्हणजे फक्त गळती थांबवणं. आपल्या जेवणातून, मुख्यतः प्रथिनांतून, रोज किलोमागे साधारण १ मिलिमोल आम्ल तयार होतं, ७० किलोच्या माणसात ७०. ते झेलताना तेवढं बायकार्बोनेट खर्च होतं, ते नव्यानं कमवावं लागतं. आता लघवीचा पीएच कितीही खाली नेला तरी ४.५ च्या आसपास थांबतो, त्या पीएचला दर लिटरमध्ये मोकळं आम्ल ०.०३ मिलिमोल. ७० टाकायला दोन हजार लिटरच्या वर लघवी लागेल! म्हणून आम्लाला कुणाच्या तरी पाठीवर बसवून पाठवतात. थोडं फॉस्फेट नेतं, पण ते खाण्यावर अवलंबून, हवं तसं वाढत नाही. उरलेलं अमोनियम. मूत्रपिंड ग्लुटामिनपासून ते स्वतः बनवतं, गरज पडली तर काही दिवसांत कित्येक पटींनी वाढवतं. काम करणारे नेफ्रॉन कमी झाले की एकूण अमोनियम कमी बनतं, कमाई घटते. ती घट गोळी भरून काढते. मात्र गोळीत सोडियम आहे, सूज किंवा रक्तदाब असेल तर डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या.

रात्रपाळी: सर, एक शंका, मला हा 'बफर' शब्दच पटत नाही. बफर म्हणजे आम्ल आलं की झेलणारा. पण अमोनियाचा पीके, म्हणजे ज्या पीएचला निम्म्याला हायड्रोजन चिकटलेला असतो तो, ९ च्या आसपास, शरीरात आधीच ९८ टक्क्यांच्या वर अमोनियमच असतं, म्हणजे हायड्रोजन आधीच चिकटलेला. मग त्यानं झेललं काय? मला वाटतं खरी कमाई अशी आहे, ग्लुटामिन फोडलं की अमोनियमबरोबर बायकार्बोनेट तयार होतं, अमोनियम लघवीत गेलं तर बायकार्बोनेट रक्ताला निव्वळ मिळालं. तेच अमोनियम रक्तात परत गेलं तर यकृत त्याचा युरिया करतं आणि त्यात बायकार्बोनेट खर्च होतं, हिशेब शून्य.

कुलकर्णी_सर: मुद्दा खरा आहे, पण पूर्ण पटत नाही. अमोनियम पहिल्या नलिकेत सोडलं तरी मध्ये हेन्लेच्या लूपमध्ये ते पोटॅशियमच्या जागेवर बसून बाहेर निघतं आणि मूत्रपिंडाच्या आतल्या भागात साठतं. शेवटच्या संग्राहक नलिकेत अमोनिया वेगळा शिरतो, हायड्रोजन वेगळ्या पंपानं येतो, दोघं तिथेच जुळतात आणि अडकतात. त्या टप्प्यावर 'झेललं' म्हणायला जागा आहे.

रात्रपाळी: हो, पण तो टप्पा धरला तर 'सापळा' शब्द जास्त जमतो, बफर नाही. वॉर्डातलं सांगतो. दोन पेशंट, दोघांचंही बायकार्बोनेट १४, क्लोराइड वाढलेलं. एकाला जुलाब, दुसऱ्याला कारण माहीत नाही. अमोनियम थेट मोजायची सोय आमच्याकडे नाही म्हणून लघवीतलं सोडियम अधिक पोटॅशियम वजा क्लोराइड केलं. जुलाबवाल्याचं ३५ अधिक २० वजा १००, उत्तर उणे ४५. एवढं जादा क्लोराइड कुणाच्या सोबतीनं गेलं? अमोनियमच्या. म्हणजे मूत्रपिंड कामाला लागलंय, दोष आतड्याचा. दुसऱ्याचं ६० अधिक ३० वजा ६५, अधिक २५, आणि रक्त एवढं आम्ल असूनही लघवीचा पीएच ६.३. अमोनियम जातच नाहीये, नलिकेचा आजार. पण कीटोन असतील तर हा हिशेब फसतो, अमोनियम त्यांच्यासोबत निघून जातं, क्लोराइडला कळतच नाही.

खोडरबर: मग लघवी आम्ल दिसली म्हणजे किडनी ठीक, असं समजायचं ना?

रात्रपाळी: तीच गल्लत. रक्तात पोटॅशियम वाढलेल्या काही पेशंटमध्ये लघवीचा पीएच ५ असतो पण अमोनियम कमीच बनतं, कारण जास्त पोटॅशियम ते बनणंच दाबतं. थेंब आंबट, पण गाडीत माल नाही.

पाटीपेन्सिल: बरं, मी लिहितेय: बायकार्बोनेट 'परत मिळवणं', नवं बायकार्बोनेट 'कमावणं', आणि अमोनियमला 'आम्लवाहक'. फॉस्फेटला बफर ठेवलं तर चालेल ना?

कुलकर्णी_सर: फॉस्फेटला निःशंक, त्याचा पीके ६.८, लघवीत तो खराखुरा झेलतो. आम्लवाहकावर मात्र परीक्षक गुण कापतील, कंसात बफर लिहा.

रात्रपाळी: कंसात नको सर, मुलींना प्रश्न विचारू दे की.

मावशी_नाशिक: आणि ते बाथरूम धुवायला काय वापरायचं ते कुणी सांगेल का?