भागाकार चाळीसने करू नका

> को-वर्किंगसाठी महापेला ३,००० चौरस फुटांची जागा बघितलीय. भाडं, मेंटेनन्स, वीज, इंटरनेट, माणसं धरून महिना ३ लाख. सीट ४०, म्हणजे सीटमागे ७,५००. दर ९,००० ठेवला तर चालेल ना?

दादा, चाळीसच्या चाळीस सीट कायम भरलेल्या नसतात. ९,००० दराने ३ लाख निघायला ३४ सीट लागतात, म्हणजे ८५ टक्के. को-वर्किंगसाठी हा आकडा फार वरचा आहे. मी स्वतः ७० टक्के, म्हणजे २८ सीट धरून हिशोब करेन. मग एक सीट जवळपास १०,७०० ला पडते. सीट रिकाम्या राहिल्या म्हणून भाडं किंवा रिसेप्शनवरचा पगार कमी होत नाही. एसीचं बिल थोडं उतरतं, तेवढंच.

त्याहून मोठा खड्डा सुरुवातीचा. समजा पहिल्या महिन्यात ८ सीट गेल्या आणि पुढे दरमहा ३ वाढल्या. ३४ चा टप्पा दहाव्या महिन्यात ओलांडाल. तोवरच्या नऊ महिन्यांत येणार १६.२ लाख, जाणार २७ लाख. हे १०.८ लाख डिपॉझिट आणि फर्निचरच्या वेगळे हाताशी हवेत.

एकाच टीमला १२ सीट देणार असाल तर करारात लॉक-इन घालाच, म्हणजे ठरल्या मुदतीआधी त्यांना सोडता येणार नाही. मालकाशी तुमचा करार तीन वर्षांचा आणि त्या टीमची नोटीस एका महिन्याची असेल, तर टीम गेल्यावर महिना १,०८,००० एकदम कमी होतात.

आणि ते ३,००० कार्पेट आहे की जिना-लॉबी धरून सुपर बिल्ट-अप? सुपर बिल्ट-अप असेल तर मीटिंग रूम, पॅन्ट्री वगळून ४० टेबलं बसतात का, ते टेप घेऊन आधी मोजा.