“हे कॅनव्हाचं ना?” रंग बदलले, फाँट बदलले, तरी डेक ओळखलाच!

दोनदोरी: आमचं लिफ्ट देखभालीचं छोटं काम आहे. इमारतींच्या कमिट्यांपुढे दाखवायला कॅनव्हात १४ स्लाइडचा मराठी डेक केला. टेम्प्लेटचे रंग बदलले, फाँट बदलले, लोगो टाकला. पहिली स्लाइड लागली आणि समोरचे एक काका म्हणाले, “हे कॅनव्हाचं ना? आमच्या मुलीच्या प्रोजेक्टला अगदी हेच होतं.” सगळे हसले, मीही हसलो, पण लागलं. आता अजून काय बदलायचं? की सरळ कोऱ्या पानावरून सुरुवात करू?

ठिपक्यांची_रांगोळी: रंग बदलले म्हणजे नक्की काय केलंत? `Styles` मध्ये जाऊन तयार जोडी निवडली असेल तर ती बाकीचेही निवडतात. बेज, मळका गुलाबी, पिस्ता हे त्रिकूट लांबूनच ओळखू येतं. लोगोतला एकच गडद रंग उचला आणि त्याचा कोड लिहून ठेवा. एका स्लाइडवर तो लावला की खाली `Change all` येतं, ते दाबलं की तो जुना रंग सगळ्या स्लाइडवर बदलतो. बाकी सगळं राखाडी ठेवा. फाँटही जरा कमी वापरातला घ्या. एवढ्यावर काम होतं, कोरं पान वगैरे नको.

वॉटरकूलर: ओळखू आलं म्हणजे वॉटरमार्क राहिला असणार. एखादं पैसे देऊन घ्यायचं चित्र वापरलंय का? ते काढा, जाईल.

दोनदोरी: नाही हो, वॉटरमार्क नव्हता. @रांगोळी, लोगोतलाच गडद निळा घेतला होता आणि `Change all` पण केलं होतं. तरीही ओळखलं ना काकांनी!

कंपोझिटर: काकांनी रंग ओळखलाच नाही, सांगाडा ओळखला. पटत नसेल तर डेक `Grid view` मध्ये लावा, खुर्ची मागे सरकवा आणि डोळे बारीक करून बघा. अक्षरं वाचता येणार नाहीत, रंग एकमेकांत मिसळतील. जे उरेल ते तुमच्या समोरच्याला पहिल्या सेकंदात दिसतं. कोपऱ्यातला अर्धगोल, दुसऱ्या कोपऱ्यात ठिपक्यांची जाळी, एका ओळीत तीन गोल आणि प्रत्येकाखाली मधोमध दोन ओळी. हे निळं केलं काय नि हिरवं केलं काय!

आधी डेकची एक प्रत करा. त्या प्रतीत प्रत्येक पानावरची सजावट उडवा. अर्धगोल, ठिपके, ब्रशचे फराटे, काहीही सांगत नसलेली रेघ, सगळं. पान भुंडं दिसेल, दिसू द्या. मग तुमची चौथी-पाचवी स्लाइड, जिच्यावर “आमच्या सेवा” असेल, तिच्यावर काय आहे ते इथे लिहा. असणारच ती, पैज लावतो.

दोनदोरी: 😄 चौथीच आहे. शीर्षक “आमच्या सेवा”. तीन गोल. पाना, घड्याळ, ढाल. खाली “कुशल तंत्रज्ञ”, “तत्पर सेवा”, “संपूर्ण सुरक्षितता”.

हिशेबाचा_माणूस: थांबा जरा. मी स्वतः कमिटीवर आहे, अशी सादरीकरणं बऱ्याचदा बघतो. आम्हाला तीन गोष्टी हव्या असतात. वर्षाचं किती घेणार, फोन केल्यावर किती वेळात येणार, आणि सुटे भाग कुणाच्या खर्चाने. अर्धगोल होता की नव्हता, कुणाला आठवत नाही. उलट ओळखीची मांडणी असली की नजर कुठे न्यायची ते आपोआप कळतं. काका हसले, पण त्यांनी काम नाकारलं का? नाकारलं नसेल तर चार रात्री यात घालवण्यात अर्थ नाही.

दोनदोरी: नाकारलं नाही, अजून उत्तर आलेलं नाही.

कंपोझिटर: हिशेबाचा माणूस, तुम्ही माझंच म्हणणं मांडताय. “तत्पर सेवा” या शब्दांतून तुम्हाला किती वेळात येणार ते कळलं का? नाही ना? टेम्प्लेटमध्ये शीर्षकाला दोन-तीन शब्दांची जागा असते, म्हणून आपण दोन-तीन शब्दच लिहितो. गोल तीन असतात म्हणून मुद्दे तीन होतात. दिसायला सारखं होतं ते नंतर, आधी मजकूर सारखा झालेला असतो. या तीन ओळी पेस्ट कंट्रोलवाल्याच्या डेकमध्येही चालतील.

दोनदोरी, कमिटीला तुमच्या कामातलं एकच काही सांगायचं ठरलं, तर काय सांगाल?

दोनदोरी: खरं सांगू? लोक म्हणतात मोटर गेली, पण बहुतेक वेळा दार असतं. मागच्या वर्षीची वही काढली. बंद पडल्याचे ४६ फोन, त्यातले ३१ दारामुळे. उंबऱ्याच्या खाचेत खडे आणि कचरा साचतो, नाहीतर सेन्सरवर धूळ बसते. दार पूर्ण मिटत नाही, मग लिफ्ट हलत नाही. आम्ही दर फेरीला ती खाच साफ करतो, बरेच जण करत नाहीत.

कंपोझिटर: झाली तुमची चौथी स्लाइड. शीर्षक: “४६ पैकी ३१ वेळा लिफ्ट बंद पडली ती दारामुळे”. पूर्ण वाक्य, दोन ओळींत, डावीकडून सुरू होणारं.

आता हे त्या तीन गोलांत बसवून दाखवा! बसणार नाही, आणि म्हणूनच पान आपोआप वेगळं होईल. त्या खाचेचा फोटो स्वतःच्या फोनवर काढा, खाली वाकून, अगदी जवळून, खडे दिसतील असा. तयार संग्रहातला हेल्मेटवाला हसरा माणूस नको, तो सगळ्यांच्या डेकमध्ये नोकरीला आहे. `File`, मग `Settings`, मग `Add guides` मध्ये १२ कॉलम घ्या. डावीकडच्या आठ कॉलममध्ये फोटो, पानाच्या कडेपर्यंत भिडलेला. उजवीकडच्या चारमध्ये शीर्षक आणि त्याखाली दोन आडव्या पट्ट्या, दार ३१ आणि बाकी सगळं मिळून १५. दाराची पट्टी तुमच्या निळ्यात, दुसरी राखाडी. पाय चार्ट नको, दोनच आकडे आहेत.

आणि हे बाराचं माप प्रत्येक पानाला तेच ठेवा. पुढच्या पानावर आठ-चारचं उलटं करा, कुठे बाराही कॉलम एकाच आकड्याला द्या, पण मजकूर सुरू होईल तो यातल्याच एखाद्या रेघेवर. टेम्प्लेटची दुसरी ओळख म्हणजे सगळं मधोमध. ते मोडलं की अर्धं काम होतं.

ठिपक्यांची_रांगोळी: मान्य, पण मग टेम्प्लेट राहिलं कुठे? हे तर कोरंच पान झालं.

कंपोझिटर: बरंचसं, हो. मी टेम्प्लेटमधून दोनच गोष्टी ठेवतो. शीर्षक आणि मजकुराच्या आकारातलं प्रमाण, आणि मोकळी जागा किती सोडायची तो अंदाज. नवख्याची चूक तिथेच होते, आणि टेम्प्लेट करणाऱ्याने ते नीट बसवलेलं असतं. त्यामुळे तुमच्या रंगाच्या सल्ल्याला माझा विरोध नाही, फक्त तो शेवटी करायचा.

अक्षरवेडी: डेक मराठी आहे याकडे कुणाचंच लक्ष नाही का? टेम्प्लेटचं शीर्षक इंग्रजी कॅपिटलमध्ये, अक्षरं लांब लांब सोडून लिहिलेलं असतं. आपण त्यावर मराठी टाइप करतो. आपल्या लिपीत कॅपिटल नाहीत, म्हणून तो ठसठशीतपणा जातो, पण सोडलेलं अंतर तसंच राहतं आणि शिरोरेषा तुटते. “देखभाल” वाचताना दे, ख, भा, ल अशी चार माणसं रांगेत उभी वाटतात. मजकुरावर टिचकी मारून `Letter spacing` शून्य करा. `Line spacing` सुद्धा बघा, १ च्या खाली असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांटीत घुसतात. मी शीर्षकाला १.२ आणि मजकुराला १.४ च्या आसपास ठेवते.

फाँटचं म्हणाल तर ज्या फाँटात देवनागरी नाही तिथे कॅनव्हा गुपचूप दुसराच लावतं. वर नाव एक, खाली अक्षर भलतंच. तुम्ही फाँट “बदलला” म्हणता तो बदललाय का, हे आधी तपासा. एक युक्ती: “दुसऱ्या शाळेतला लोलक” असं टाइप करा. ऱ्या नीट जुळतो का, आणि श, ल मराठी वळणाचे आहेत की हिंदी, ते लगेच दिसतं. मुक्त किंवा बालू हे ‘एक टाइप’ या संस्थेचे फाँट घेऊन बघा, ते मुळात देवनागरीचा विचार करून केलेले आहेत. मुक्तला सात वजनं आहेत, त्यामुळे कॅपिटलचं काम जाड-बारीकमधून निघतं.

दोनदोरी: बाप रे. अंतर खरंच सोडलेलं होतं. आणि दोन्ही “वेगवेगळ्या” फाँटमध्ये लिहिलेलं मराठी सारखंच दिसतंय!

शेवटचा_बाक: माझाही अनुभव ऐका. डेक मस्त केला, पीपीटीएक्स उतरवला, समोरच्यांच्या लॅपटॉपवर उघडला. तिथे तो फाँट नव्हता. शीर्षक दोनाऐवजी तीन ओळींत गेलं आणि फोटोवर चढलं. तेव्हापासून पीडीएफ सोबत ठेवतो. आणि शेवटच्या पानावर तळाशी बघा, `reallygreatsite` राहिलं असेल. मी एकदा त्याच पत्त्यासकट धन्यवाद म्हटले होते.

दोनदोरी: … होतं. “संपर्क” पानावर, बारीक अक्षरात. काकांनी कसं ओळखलं ते कळलं बहुतेक.

हिशेबाचा_माणूस: पण ते शेवटचं पान आहे, काका पहिल्यावर बोलले होते. 😄 असो. चौथी स्लाइड मला आवडली, पण ती दिसायला वेगळी आहे म्हणून नाही. आणि असं १४ वेळा करायला वेळ कुणाला आहे? चार पानं अशी करा, बाकीची टेम्प्लेटचीच ठेवा.

कंपोझिटर: मग चार पानं तुमची आणि दहा परक्याची, ठिगळ जास्तच उठून दिसेल. त्यापेक्षा पानंच कमी करा.

हिशेबाचा_माणूस: दर आणि अटींचं पान कमी करू नका म्हणजे झालं. आणि ते साधं कोष्टकच हवं, तिथे फोटो नको.

दोनदोरी (चार दिवसांनी): १४ ची ९ झाली. खाचेचा फोटो काढायला टॉर्च लागला, पण आला चांगला. दर-अटी साध्या कोष्टकात. “आमची टीम” वरचे गोल चेहरे काढून आम्ही चौघे मशिनरूममध्ये काम करतानाचा एकच फोटो टाकला. मुखपृष्ठावरचा अर्धगोल मात्र ठेवलाय, मला आवडतो तो.

कंपोझिटर: आवडतो म्हणून ठेवा, पण मग त्याला काम द्या. लिफ्टच्या मजल्याच्या बटणासारखा पूर्ण गोल करून त्यात पानाचा क्रमांक घाला, सगळ्या नऊ पानांवर एकाच जागी.

ठिपक्यांची_रांगोळी: हे मात्र मी चोरणार!

हिशेबाचा_माणूस: नऊ पानांवर नऊ बटणं हातानेच डकवायची ना? शुभेच्छा.

दोनदोरी: एका पानावर केलं, कॉपी करून बाकीच्यांवर पेस्ट केलं, बसलं त्याच जागी. आकडे हाताने बदलले. पाचव्यावरही ४ च राहिला होता, तो आत्ता दिसला.