अनुभव धागा : आधी एक मेसेज, मग दुसराच, कुठला धरायचा?

धागाकर्ता (उद्यमबाग, बेळगाव)
आमचं छोटं मशीन शॉप आहे. गेल्या महिन्यात एमएसच्या २४ हबचं काम आलं; मधलं भोक म्हणजे बोअर, कडेच्या फ्लँजवर आणखी सहा भोकं. सोमवारी पार्टीच्या इंजिनिअरचा मेसेज: "बोअर ३९.५ ठेवा, वेल्डिंगनंतर आम्ही ४० करतो." गुरुवारी त्यांच्याच स्टोअरमधून: "सगळे होल ड्रॉइंगप्रमाणे करा." ड्रॉइंगमध्ये बोअर ४०. शेवटचा मेसेज खरा, म्हणून मी ऑपरेटरला ४० करायला सांगितलं. चार पीस झाल्यावर आमच्या फोरमनमामांनी लेथ थांबवला. स्टोअरवाल्याला फ्लँजची सहा भोकं म्हणायची होती, बोअर नव्हे! ते चार पीस वेल्डिंगच्या उष्णतेनं अंडाकृती झाले, ते आमच्या माथी. तुम्ही अशा वेळी कसं विचारता? लिहा.

निपाणीची लेक
आईची थायरॉइडची गोळी ५० ची. रिपोर्ट बघून डॉक्टरांचा मेसेज आला, "१०० सुरू करा." बाबा म्हणाले, ५० चालू ठेवून वर १०० द्यायची. मला पटेना. "डॉक्टर, ५० बंद करून १०० द्यायची, की दोन्ही मिळून १५०?" असं विचारलं. उत्तर: "५० बंद." नुसतं "१०० द्यायची ना?" विचारलं असतं तर "हो" आलं असतं, आणि बाबांचंही खरं ठरलं असतं.

निवृत्त हेडक्लार्क
एवढा काथ्याकूट कशाला? नवीन आदेश आला की जुना संपला. ३१ वर्षं हेच केलं.

शिक्षक, खानापूर
काका, अर्धंच बरोबर. कन्नड आदेशात "रद्दुपडिसि" असेल तर जुना गेला. "भागशः मार्पडिसि" असेल तर बदललं तेवढंच नवं, बाकी जुनं तसंच. व्हॉट्सअॅपवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं, म्हणून घोटाळा. शिवाय आमच्या जंगलभागात रेंज आली की तीन दिवसांचं एकदम धडाधड येतं. त्यात कुणी जुनाच मेसेज पुढे ढकललेला असला तर वेळ आजची, मजकूर गेल्या आठवड्याचा. मी आधी "हे आजचं आहे का?" विचारतो.

निवृत्त हेडक्लार्क
"भागशः"चं विसरलो होतो खरं. असे आदेश दोन-चारच बघितले असतील.

ऊसवाला, चिकोडी
दोन मेसेज येतात तुम्हाला? नशीबवान आहात. तोड येणार म्हणून आम्ही पाणी तोडलं, टोळीचा पत्ता नाही, फोन उचलत नाहीत. त्यावर लिहा की ओ कुणीतरी!

फोरमनमामा
पोरानं धागा काढला म्हणून लिहितो. आम्ही त्या दिवशी पाठवलेला मेसेज असा:

"साहेब, सोमवारी आपण लिहिलंत: 'बोअर ३९.५ ठेवा.' आज स्टोअरमधून आलंय: 'सगळे होल ड्रॉइंगप्रमाणे करा.' ड्रॉइंगमध्ये बोअर ४० आहे. 'सगळे होल'मध्ये बोअर येतो का, की फक्त फ्लँजची सहा भोकं? तोवर फेसिंग आणि भोकं करतो, बोअरला हात लावत नाही. 'बोअर ३९.५' किंवा 'बोअर ४०' एवढंच लिहा."

दोन्ही वाक्यं त्यांच्याच शब्दांत टाकली. आपल्या शब्दांत सांगायला गेलं की आपला समज त्यात शिरतो. पाठवला इंजिनिअरला, स्टोअरवाल्याला नाही; सोमवारचं ज्यानं सांगितलं तोच ते मागे घेणार. आणि थांबायचं म्हणजे हात बांधून बसायचं नाही. फेसिंग दोन्ही प्रकारात तेच. बोअरचं मटेरियल मात्र एकदा गेलं की परत येत नाही. ३९.५ चा ४० कधीही करता येतो, ४० चा ३९.५ ब्रह्मदेवालाही जमणार नाही.

आकडाही सोडू नका. "अर्धा एमएम ठेवा" एवढंच आलं असतं तर? व्यासावर धरला तर ३९.५, बाजूला धरला तर ३९.

निपाणीची लेक
मामा, "ओके" आलं तर?

फोरमनमामा
मग परत विचारायचं. दोन पर्याय देऊन विचारलं आणि "ओके" आलं, म्हणजे वाचलंच नाही. त्या दिवशी अंगठाच आला होता. फोन केला, साहेब थोडे चिडले, मग लिहून पाठवलं: "बोअर ३९.५." नुसत्या फोनवर मी लेथ सुरू करत नाही.

नवी ऑपरेटर
आणि इंजिनिअर ३९.५ म्हणाले, त्यांचे मालक ४० म्हणाले, गाडी संध्याकाळी निघणार असली तर?

फोरमनमामा
दोघांना एकाच ग्रुपमध्ये घेऊन तोच मेसेज टाकायचा. तरी गप्प बसले तर मी ३९.५ वरच पाठवीन, चलनावर "बोअर ३९.५, फिनिश बाकी" लिहून.

धागाकर्ता
मामा, मालकांना ४० च हवा असला तर ती गाडी परत येते, भाडं आपल्यावर. यावर आपलं अजून भांडण चालूच आहे.