मदत हवी आहे: समांतर सत्रांतील टक्कर कमी करणारे वेळापत्रक

नमस्कार. आमच्या दोन दिवसांच्या परिषदेत 36 व्याख्याने, 3 सभागृहे आणि 12 वेळा आहेत. नोंदणी करताना 150 जणांनी आपल्या पसंतीची प्रत्येकी आठ व्याख्याने कळवली असून, त्यावरून कोणती दोन व्याख्याने किती जणांना एकत्र हवी आहेत याचा तक्ता मी केला आहे. एकूण 630 जोड्यांपैकी फक्त 36 जोड्या एकाच वेळी येणार असल्याने, त्या 36 जोड्यांची बेरीज शक्य तितकी लहान करणे हे उद्दिष्ट ठरवले आणि व्याख्यानांची अदलाबदल करत ती 212 वरून 94 वर आणली.

अडचण अशी, की बेरीज उतरली तरी अकरा जणांची तीन किंवा अधिक व्याख्याने अजूनही बुडत आहेत. शिवाय एखाद्याच्या पसंतीची तीन व्याख्याने एकाच वेळी आली, तर तक्ता तीन टकरी मोजतो. प्रत्यक्षात मात्र त्याची दोनच हुकतात. म्हणजे जोड्यांचा तक्ता सोडून व्यक्तिगणिक मोजणी करायला हवी, असे मला वाटते.

ओआर-टूल्समधील `CP-SAT` वापरून कोणी अशी मांडणी केली आहे का? प्रत्येकाच्या हुकलेल्या व्याख्यानांवर दोनची कमाल मर्यादा घालावी, की तिसऱ्यापासून जास्त दंड लावावा? सर्वाधिक मागणीची व्याख्याने 120 आसनांच्या एकमेव मोठ्या सभागृहातच मावतात, त्यामुळे कडक मर्यादेने उत्तरच निघणार नाही अशी भीती वाटते.