प्रति: पत्र्याखालचा पीआयआर बोर्ड

"जालन्यात गोदामाच्या पत्र्याखाली ५० मिमीचा फॉइलवाला पीआयआर फोमचा बोर्ड लावतोय. दहा वर्षांनी त्याचा उष्णता अडवण्याचा गुण उरेल का?"

उरेल, पण थोडा घटून. फोमच्या बारीक पेशींत कोंडलेला पेंटेन वायू हवेपेक्षा कमी उष्णता वाहतो. हळूहळू हवा आत शिरते आणि फोमची उष्णतावाहकता ०.०२० वरून साधारण ०.०२२ वॉट प्रति मीटर केल्विनपर्यंत चढते. म्हणजे तुमच्या बोर्डाचा उष्णतारोध, म्हणजे मीटरमधली जाडी भागिले वाहकता, २.५ वरून २.३ च्या आसपास येईल. हे आकडे १० अंश सरासरी तापमानाचे असतात. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली रोध त्याहून कमीच मिळेल, म्हणून जाडी ठरवताना हात सैल ठेवा.

अखंड फॉइल वायू जवळपास अडवते, त्याची खरी वाट कापलेल्या कडांतून. तेव्हा लहान तुकडे जोडू नका. कडा आणि फाटलेली फॉइल अॅल्युमिनियम टेपने लगेच बंद करा.