शब्दचर्चा: ‘फायटोसॅनिटरी’ तात्यांना कसं सांगू?

शिरोळचा पुतण्या: आमचे तात्या यंदा पहिल्यांदाच भेंडी परदेशी पाठवतायत. कागदपत्रं माझ्याकडं आहेत. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटचा अर्थ मी ‘वनस्पती स्वच्छता प्रमाणपत्र’ असा सांगितला. तात्यांनी ‘स्वच्छता’ तेवढी धरली आणि पहाटे तोडलेली भेंडी हौदात धुऊन, ओलीच खोक्यांत भरली. दुपारपर्यंत देठाशी बुळबुळीत झाली, शिरांवर काळं चढलं. माल गावच्या बाजारात घालवावा लागला. चूक माझ्या शब्दाची आहे, म्हणून विचारतो. आणखी एक: त्याच कागदावरच्या ‘डिस्टिंग्विशिंग मार्क्स’ला मी ‘खुणा’ म्हटलं, तर तात्या विचारतात, भेंडीवरचे डाग लिहायचे का?

गंगावेशीतला: ‘फायटो’ ग्रीक, म्हणजे झाडझाडोरा. ‘सॅनिटरी’ मुळात आरोग्याशी जोडलेला शब्द. आपल्याकडं सॅनिटरी म्हटलं की न्हाणीघराच्या सामानाचं दुकान डोळ्यांसमोर येतं, म्हणून घोळ होतो. ‘वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र’ म्हणा. माल खायला निर्धोक आहे, औषधाचा अंश नाही, असं सरकार लिहून देतं.

पॅकहाऊसवाली: आरोग्य बरोबर, पण झाडाचं, खाणाऱ्याचं नव्हे. औषधाच्या अंशाचा तपास प्रयोगशाळेत होतो, त्याचा अहवाल वेगळा. फायटोत एवढंच असतं, की हा माल तपासला आणि घेणाऱ्या देशानं ज्या किडी-रोगांना मज्जाव केलाय ते यात आढळले नाहीत. 2014 मध्ये युरोपीय संघानं आपला हापूस आणि वांगी, कारलं अशा काही भाज्या थांबवल्या, त्या मालात फळमाशीसारख्या किडी सापडल्या म्हणून. आंबा खाऊन कोणी आजारी पडलं म्हणून नव्हे. त्यांना भीती स्वतःच्या रानाची असते. तात्यांना हे सांगा, मग ते धुणार नाहीत, अळीचं भोक शोधतील.

खुणा म्हणजे खोक्यावरची छापील निशाणी आणि नंबर. ‘खोक्यावरचा छाप’ म्हणा.

संस्कृतप्रेमी: ‘पादप’ हा सुंदर शब्द का टाकायचा? पायानं पिणारा तो पादप, मुळं म्हणजेच पाय. शेतकऱ्याला यापेक्षा जवळचं काय? आपणच ‘फायटो’ म्हणत राहिलो तर मराठीत शब्द रुजणार कधी?

पॅकहाऊसवाली: शब्द गोड आहे, पण आमच्या शेडात सगळे ‘फायटो निघाला का’ असंच विचारतात. सांगायचंच तर ‘कीडरोग नसल्याचा दाखला’. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला गावाला माहीत आहेत.

गुळाचा अडत्या: नेट-ग्रॉसचं कोणी बोलंना. आमच्या पेठेत बारदानासकट वजन आणि बारदान वजा जाता वजन, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. रिकामं भांडं एका पारड्यात, तेवढंच वजन दुसऱ्यात, याला धडा करणं म्हणतात. तात्यांना धडा ठाऊक असणारच.

पॅकहाऊसवाली: अण्णा, अगदी तेच. समजा 4 किलो भेंडीची 300 खोकी. माल 1200 किलो. रिकामं खोकं अर्धा किलोचं, म्हणून बारदानासकट 1350. आता तपासणीत 12 खोक्यांत अळी निघाली आणि ती बाजूला काढली. राहिली 288, माल 1152, बारदानासकट 1296. आमच्याकडं एकदा अशा वेळी पॅकिंग लिस्ट नवी केली आणि फायटोवर 300च राहिली. कोणीतरी पेनानं 288 केलं. तिकडं माल अडला, कारण देणाऱ्या अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याशिवाय केलेली खाडाखोड चालत नाही. दोन्ही कागदांवर खोक्यांची संख्या, निव्वळ वजन आणि छाप जुळलाच पाहिजे. खोकी कमी झाली तर दाखलाही बदलून घ्यायचा.

शिरोळचा पुतण्या: रात्री तात्यांना ‘दाखला’ म्हणून सांगितलं. धडा लगेच कळला, त्यांनी स्वतः काटा मागवून रिकामं खोकं तोललं. पण दाखल्यावर अडले: “रानाचा का मालाचा? रानाचा असंल तर वर्षभर पुरंल की.”

पॅकहाऊसवाली: मालाचाच, त्याच खेपेचा. पुढच्या तोड्याला नवा. ‘दाखला’ शब्दाची ही अडचण मला सुचली नव्हती. जातीचा दाखला जन्मभर चालतो.

संस्कृतप्रेमी: म्हणूनच ‘प्रमाणपत्र’.

गंगावेशीतला: प्रमाणपत्र तरी कुठं खेपेपुरतं वाटतं? ‘खेपेचा कीडरोग दाखला’ म्हणा.

गुळाचा अडत्या: जुन्या मापातली ‘धडी’ आणि हा ‘धडा’ एकाच मुळातले का? आमचे वडील दोन्ही शब्द वापरायचे.

संस्कृतप्रेमी: ‘धट’ म्हणजे तराजू, त्यावरून धडा आला असावा.

गंगावेशीतला: मग शाळेतला धडा कुठून आला?