मदत हवी आहे: सोसायटीच्या ग्रुपवर ऑटो-डिलीट लावतोय. नोटिसा कुठे जपायच्या आणि घोषणा कशी लिहावी?

पायवाट (धागाकर्ती)

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची मी ॲडमिन आहे. ग्रुपवरचे मेसेज ठराविक दिवसांनी आपोआप जावेत असं कमिटीने ठरवलंय. कारण योग्यच आहे. लोक ग्रुपवर घरकामाच्या ताईंचं आधार कार्ड टाकतात, भाडेकरूचा करार टाकतात, सीसीटीव्हीतले मुलांचे फोटो टाकतात. भाडेकरू वर्षभरात सोडून जातात, पण हे सगळं त्यांच्या फोनमध्ये राहतं.

कमिटी म्हणते 7 दिवसांचा टायमर लावा. मला काळजी आहे ती नोटिसांची. सभेची नोटीस, इतिवृत्त, टाकी धुण्याचं वेळापत्रक, सगळं याच ग्रुपवर येतं. घोषणेचा मसुदा असा केलाय:

"सर्व सभासदांना कळवण्यात येते की 1 तारखेपासून ग्रुपवरील मेसेज 7 दिवसांनी आपोआप डिलीट होतील. महत्त्वाच्या नोटिसा गूगल ड्राइव्हवर ठेवल्या जातील. लिंक लवकरच ग्रुपवर देण्यात येईल."

यात काय राहिलंय? टायमर किती ठेवावा? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

---

शेजारधर्म

7 दिवस पुरेसे आहेत, आमच्याकडेही तेवढेच आहेत. टायमर लावला की जुना सगळा कचराही साफ होईल, फोन हलके होतील. नोटिसांची फार चिंता नको. ज्याला हव्यात त्याच्या बॅकअपमध्ये असतातच. शिवाय मेसेज दाबून धरला की तो राखून ठेवायची सोय येते.

---

कागदपत्र

शेजारधर्म, शेवटचं बरोबर आहे, पहिल्या दोन गोष्टी नाहीत. टायमर लावल्यानंतर जे मेसेज येतील त्यांनाच तो लागू होतो. आधीचे जागच्या जागी राहतात. म्हणजे ती जुनी आधार कार्डं ज्याने त्याने आपापल्या फोनमधून हातानेच काढायला हवीत. बॅकअपचं म्हणाल तर मेसेज जाण्याआधी बॅकअप झाला तर तो त्यात असतो, पण बॅकअप परत आणताना असे मेसेज गाळले जातात. राखून ठेवायची सोय, स्क्रीनवर Keep म्हणून दिसते ती, आहे खरी. पण मूळ मेसेज पाठवणाऱ्याला त्याची सूचना जाते आणि तो नको म्हणाला तर मेसेज जातोच. अशा सोयीवर सोसायटीचं दप्तर ठेवता येत नाही.

पायवाट, आता तुमचा मुख्य प्रश्न. तारखा मांडून बघा. समजा वार्षिक सभा 24 ऑगस्टला आहे. आदर्श उपविधीप्रमाणे 14 पूर्ण दिवस आधी नोटीस लागते. नोटिशीचा आणि सभेचा दिवस धरायचा नाही, म्हणजे नोटीस 9 ऑगस्टपर्यंत निघायला हवी. ती 9 ला ग्रुपवर टाकली आणि टायमर 7 दिवसांचा असला तर 16 ऑगस्टला ती गायब. सभेला अजून 8 दिवस आहेत आणि विषयपत्रिका कुणाच्याच फोनवर नाही. जो गावाला गेला होता आणि 17 ला ग्रुप उघडतो, त्याला तर ती दिसतच नाही, कारण दिवस मोजले जातात ते पाठवल्यापासून, वाचल्यापासून नाही.

90 दिवसांचा टायमर लावला तर हीच नोटीस 7 नोव्हेंबरपर्यंत राहील. सभेपुरतं भागलं. पण पुढच्या वर्षी मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायचं असतं, तेव्हा ग्रुपवर काहीच नसेल. टायमरला 24 तास, 7 दिवस आणि 90 दिवस एवढेच पर्याय आहेत. नोटिशीला यातला एकही चालत नाही.

म्हणून ग्रुप दोन करा. एक फक्त नोटिसांचा, जिथे ॲडमिनच लिहू शकतील आणि टायमर बंद असेल. दुसरा बोलण्याचा, जिथे कमिटीला हवा तो टायमर लावा. आणि दोन्हीकडे "Edit group settings" ही परवानगी सदस्यांकडून काढून घ्या. ती उघडी असली तर कुठलाही सदस्य टायमर बदलू शकतो आणि मग तुमच्या घोषणेला अर्थ राहत नाही.

मसुद्यातली सर्वात मोठी चूक शेवटच्या वाक्यात आहे. ड्राइव्हची लिंक ग्रुपवर दिलीत तर सातव्या दिवशी लिंकही जाईल. लिंक ग्रुपच्या माहितीत, म्हणजे नावाखाली वर्णन असतं तिथे लिहा. त्याला टायमर लागत नाही. तीच लिंक क्यूआर कोड करून लिफ्टजवळच्या सूचना फलकावर लावा.

---

मंदाकिनी

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, पण विषय हाच. आमच्या बेडरूमच्या भिंतीला वरच्या मजल्यावरून ओल येते. पहिल्या पावसात मी ग्रुपवर फोटो टाकले होते, सेक्रेटरींनी "बघतो" असं लिहिलंही होतं. नंतर टायमर लागला, फोन बदलला आणि आता काहीच सापडत नाही. कमिटी म्हणते तक्रार आलीच नाही. फोटो परत मिळवता येतील का?

---

कागदपत्र

काकू, तुमच्या फोनने काढलेले फोटो फोनच्या गॅलरीत किंवा जुन्या फोनमध्ये असतील, ते आधी शोधा. ग्रुपवरचा मेसेज गेला म्हणून मूळ फोटो जात नाही. सेक्रेटरींचं "बघतो" मात्र आता विसरा. कुणी त्याला उत्तर देताना ते वाक्य उद्धृत केलं असेल तर त्या उत्तरात कदाचित दिसेल, तेवढंच.

आजच लेखी अर्ज द्या. फोटो छापून जोडा, ओल पहिल्यांदा कधी दिसली ते लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

पायवाट, यातून तुमच्या घोषणेत एक वाक्य वाढवा: ग्रुपवरचा मेसेज ही तक्रार धरली जाणार नाही, तक्रार कार्यालयात किंवा ईमेलवर द्यावी. हे आधीच सांगितलं नाही तर टायमर सर्वात जास्त मंदाकिनीकाकूंसारख्यांना नडतो.

---

ना_हरकत

मला हा सगळा प्रकारच पटत नाही. ग्रुपवर कमिटी काय काय कबूल करते! पार्किंगचं आश्वासन, रंगकामाची तारीख, कंत्राटदाराचा दर. ते 7 दिवसांत पुसलं गेलं तर सभेत विचारायचं कशाच्या आधारे? आधार कार्डांचं कारण पुढे करून हिशोब विचारण्याची सोय काढून घेतली जातेय. आणि ज्यांनी आधार कार्ड उतरवून घेतलं किंवा पुढे पाठवलं, त्यांच्याकडचं थोडंच जाणार आहे?

---

कागदपत्र

शेवटचा मुद्दा शंभर टक्के खरा. टायमर चॅटमधून मेसेज काढतो. सेव्ह केलेली फाइल, स्क्रीनशॉट आणि दुसऱ्या ग्रुपवर पाठवलेली प्रत तशीच राहते. म्हणून ओळखपत्रं ग्रुपवर टाकूच नका, हे घोषणेत लिहायलाच हवं. टायमर हे त्याला उत्तर नाही.

कबूल केलेल्या गोष्टींबद्दल तुमचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ग्रुपवरचं आश्वासन म्हणजे ठराव नाही, पण माणसं त्याच्या भरवशावर असतात हे खरं. बोलण्याच्या ग्रुपला 7 ऐवजी 90 दिवस ठेवले तर पुढच्या कमिटी बैठकीपर्यंत तरी ते समोर राहतं.

---

ना_हरकत

90 दिवस 7 पेक्षा बरे. तरी टायमर नसावा हेच माझं मत.

---

पायवाट

खूप आभार. लिंकचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन ग्रुप आणि 90 दिवस हे कमिटीपुढे ठेवते. एक अडचण: ड्राइव्हचं फोल्डर सध्या आमच्या सेक्रेटरींच्या स्वतःच्या खात्यात आहे. चालेल का?

---

कागदपत्र

आज चालेल, निवडणुकीनंतर चालणार नाही. फोल्डर ज्याच्या खात्यात, मालकी त्याची. तो सोसायटी सोडून गेला किंवा त्याने जागा मोकळी करायला फाइली उडवल्या की तुमचं दप्तर गेलं. सोसायटीच्या नावाने वेगळं खातं उघडा. पासवर्ड बंद लिफाफ्यात कार्यालयाच्या कपाटात ठेवा. खात्याला जोडलेला फोन नंबर हा खरा कळीचा मुद्दा आहे: पदाधिकारी बदलले तरी लॉगिनचा कोड जुन्या सेक्रेटरींच्याच फोनवर जात राहतो. दप्तर सोपवताना किल्ल्यांबरोबर हा नंबरही बदलायचा, असं हस्तांतराच्या यादीत लिहून ठेवा. आणि खातं अधूनमधून उघडत राहा. 2 वर्षं कुणी फिरकलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं.

फाइलीचं नाव तारखेपासून सुरू करा, वर्ष आधी:

```
2025-08-09_वार्षिक-सभा_नोटीस.pdf
2025-08-24_वार्षिक-सभा_इतिवृत्त.pdf
```

असं केलं की आपोआप क्रमाने लागतात. "नोटीस फायनल नवीन" अशी नावं सहा महिन्यांनी कुणालाच कळत नाहीत. बाकी कागदी नोटीस आणि फलक सुरूच ठेवायचा. ग्रुप ही जादाची सोय.

---

पायवाट

सुधारलेला मसुदा देते, बघा:

"सर्व सभासद व रहिवासी, 1 तारखेपासून या ग्रुपवर येणारे नवीन मेसेज 90 दिवसांनी आपोआप जातील. आधीचे मेसेज तसेच राहतील. सोसायटीच्या सर्व नोटिसा वेगळ्या 'नोटिसा' ग्रुपवर येतील, त्या आपोआप जाणार नाहीत. प्रत्येक नोटीस आणि इतिवृत्त सोसायटीच्या ड्राइव्हवर त्याच दिवशी ठेवले जाईल. लिंक दोन्ही ग्रुपच्या वर्णनात आणि सूचना फलकावर आहे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना नोटीस पूर्वीप्रमाणेच घरपोच मिळेल. ओळखपत्रे, करार आणि लहान मुलांचे फोटो ग्रुपवर टाकू नयेत. तक्रार ग्रुपवर न करता कार्यालयात लेखी किंवा ईमेलवर द्यावी, पोच मिळेल."

---

शेजारधर्म

छान झालंय. बॅकअपचं मला खरंच माहीत नव्हतं, आमच्या ग्रुपवरही सांगतो. एकच शंका: लिंक ज्याच्याकडे आहे तो कुणीही फोल्डर उघडू शकेल ना? फलकावर क्यूआर लावला तर पार्सल द्यायला आलेला माणूसही इतिवृत्त वाचेल.

---

कागदपत्र

अगदी बरोबर पकडलंत, हे मी सांगायला हवं होतं. फोल्डर दोन करा. फलकावरची लिंक फक्त नोटिसांच्या फोल्डरची, नुसतं पाहता येईल अशी. इतिवृत्त आणि हिशोब दुसऱ्या फोल्डरमध्ये, सभासदांच्या ईमेलनाच परवानगी देऊन. पायवाट, मसुद्यातलं इतिवृत्ताचं वाक्य त्याप्रमाणे तोडा.

---

पायवाट

तोडते. पण आमच्याकडे थकबाकीदारांची यादी नोटिशीलाच जोडून येते, फ्लॅट नंबरासकट. ती कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायची यावर कमिटीतच दोन तट आहेत. भाडेकरूंना ती दिसू नये असं मला वाटतं, खजिनदार म्हणतात दिसली तरच पैसे येतात. तुमच्या सोसायट्यांमध्ये काय करता?